पोटरीला कुत्र्याचा चावा आणि राहून गेलेला सातव्या दिवसाचा डोस

हे प्रकरण समजावून सांगण्यासाठी रचलेलं आहे, पण पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात सकाळी अँटी-रेबीज लशीच्या रांगेत उभं राहिलं तर यातला प्रत्येक टप्पा कुणा ना कुणाच्या तोंडून ऐकायला मिळेल.

गुरुवारची रात्र

रुग्ण ३८ वर्षांचा, वजन ६० किलो. नऱ्ह्यातल्या कारखान्यात दुसरी पाळी करून तो रात्री पावणेबाराच्या सुमाराला दुचाकीवरून धायरीला घरी निघाला होता. गल्लीच्या तोंडाशी दोन-तीन भटकी कुत्री गाडीमागे लागली. एकाने डाव्या पोटरीला धरलं आणि झटका देऊन सोडलं.

घरी पोहोचल्यावर पँटला दोन बारीक भोकं दिसली आणि कापड रक्ताने चिकटलं होतं. पोटरीवर तीन जखमा होत्या. सुळ्यांनी केलेली दोन खोल भोकं, तोंड जेमतेम तीन-चार मिलिमीटरचं. तिसरी जखम मांस ओढलं गेल्यामुळे फाटलेली, सुमारे अडीच सेंटिमीटर लांब. पँट अंगावर होती म्हणून लाळ आत गेली नसेल, असं घरातल्यांना वाटलं. कापडाने लाळ थोडीफार टिपली जाते हे खरं, पण कातडीला भोक पडून रक्त आलं असेल तर कापडाचा भरवसा धरता येत नाही. कातडी भेदून रक्त आलेला कुठलाही चावा कॅटेगरी तीनमध्ये, म्हणजे सगळ्यात गंभीर गटात मोडतो. एकच दात लागला असला तरीही. रक्त न येता नुसतं खरचटलं असेल तर ती कॅटेगरी दोन. तिथे लस पुरेशी असते. कॅटेगरी तीनमध्ये लशीबरोबर जखमेत द्यायचं सिरमही लागतं, आणि पुढचा सगळा फरक तिथूनच पडतो.

घरात बऱ्याच ठिकाणी होतं तेच झालं. ओल्या फडक्याने जखम पुसली, चिमूटभर हळद दाबली आणि वर स्वच्छ रुमाल घट्ट बांधला. शेजारच्या काकांनी चुना लावायला सांगितलं. रुग्णाची बहीण साताऱ्याला परिचारिका आहे. तिला फोन लागला तोवर चाळीस मिनिटं उलटून गेली होती. तिने आधी भावजयीला विचारलं, "वहिनी, नळाखाली धुतलंय का? साबण लावून?" नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "मग रुमाल सोडा, हळद काढा आणि दादाला मोरीत बसवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. उशीर झालाय म्हणून सोडू नका."

पंधरा मिनिटं कशासाठी

रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेतून येतो. चावा बसला की लगेच तो रक्तात मिसळून सगळीकडे पसरतो असं नाही. काही काळ तो जखमेतच, स्नायूच्या तंतूंपाशी राहतो आणि तिथून मज्जातंतूंच्या टोकांत शिरतो. एकदा मज्जातंतूच्या आत गेला की लशीने तयार झालेली प्रतिपिंडं त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत. तो मज्जातंतूतून वर सरकत पाठीच्या कण्यात आणि मग मेंदूत जातो. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर रोगी वाचवणारा खात्रीचा उपचार आजही कुणाकडे नाही. त्यामुळे जे करायचं ते विषाणू मज्जातंतूत शिरण्याआधीच करायचं असतं, आणि त्यातली पहिली गोष्ट घरच्या मोरीत होते.

या विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं. साबण हे आवरण विरघळवतो आणि आवरण गेलं की विषाणू निकामी होतो. वाहतं पाणी लाळ आणि माती जखमेबाहेर काढतं. दोन्ही लागतात. नुसत्या पाण्याने विषाणू कमी होतो पण मरत नाही, आणि नुसता साबण वरवर फासला तर तो खोल भोकात उतरतच नाही. वेळही त्यासाठीच द्यावा लागतो. सुळ्याने केलेलं भोक वरून बारीक आणि आत खोल असतं. त्यात फेसाचं पाणी जायला, बाहेर यायला आणि पुन्हा जायला मिनिटं लागतात. माणसं साधारण एका मिनिटात धुणं उरकतात, कारण तेवढ्यात वरून जखम स्वच्छ दिसू लागते.

या प्रकरणात धुणं असं झालं. रुग्ण मोरीत पाटावर बसला, डावा पाय पुढे. नळाला प्लास्टिकचा पाइप जोडून पाणी मध्यम धारेने पोटरीवर सोडलं. फार जोराची धार लावली तर घाण आत ढकलली जाऊ शकते, म्हणून पाणी वाहत राहील इतकीच धार. हळद सुटायला दोन मिनिटं लागली. मग साबण. घरात कपडे धुण्याची वडी होती, तीच वापरली. कुठलाही साबण चालतो, औषधी साबणच हवा असं काही नाही. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत, नसतील तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी हातावर चढवावी. हाताला आधीच चीर असेल तर हे विशेष जपायचं. अंगठा आणि तर्जनीने भोकाच्या कडा हलक्या फाकवून फेस आत जाऊ द्यायचा, पाण्याने काढायचा, पुन्हा फेस. फाटलेल्या जखमेच्या कडेखालचा खिसा विसरायचा नाही, लाळ तिथेच अडकून राहते. ब्रश किंवा घासणी लावायची नाही. त्याने मांस आणखी फाटतं आणि मज्जातंतूंची नवी टोकं उघडी पडतात.

पाणी जाणं-येणं ठरलेलं असलेल्या भागात नळ कोरडा असेल तर बादली आणि तांब्या घ्या. एकाने सतत पाणी ओतायचं, दुसऱ्याने फेस लावायचा. बादलीत पाय बुडवून बसणं मात्र उपयोगाचं नाही, कारण बाहेर आलेली लाळ त्याच पाण्यात राहते.

चुना, तिखट, तेल, लिंबू, हळद, माती, कॉफी या सगळ्यांची अडचण एकच आहे. त्यांनी विषाणू मरत नाही, उलट जखमेला आग होऊन ऊतक दुखावतं, आणि दवाखान्यात ते काढण्यात वेळ जातो. घट्ट बांधलेल्या रुमालानेही जखम बंद होते आणि आतली लाळ आतच राहते. धुऊन झाल्यावर जखम स्वच्छ कापडाने टिपून त्यावर पोव्हिडोन आयोडिन लावलं आणि उघडीच ठेवली. रक्त भळभळत असेल तर स्वच्छ कापड हलकं दाबून धरावं, पण पट्टी आवळू नये.

चाळीस मिनिटांच्या उशिराबद्दल सांगायचं तर लगेच धुतलं असतं तर निश्चितच चांगलं. पण काही तास, अगदी दुसरा दिवस उलटला असला तरी धुणं टाळू नये. किती विषाणू अजून जखमेत आहे हे बाहेरून कुणालाच कळत नाही.

शुक्रवारी सकाळी: तीन इंजेक्शनं, तीन वेगळी कामं

सकाळी घराजवळच्या एका छोट्या दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं आणि "टाका घालून देतो, लवकर भरेल" असं सुचवलं गेलं. बहिणीने फोनवरूनच टाका घालायला नको सांगितलं. चावलेल्या जखमेला टाके घालताना सुई लाळेतला विषाणू खोल नेते. टाका घालणं अटळच असेल, रक्त थांबत नसेल किंवा चेहऱ्याची जखम असेल, तर आधी जखमेत सिरम भरून, थोडा वेळ जाऊ देऊन, सैल आणि कमीत कमी टाके घालतात. पोटरीवरची अडीच सेंटिमीटरची जखम तशीच भरून येते. धनुर्वाताचं इंजेक्शन हवंच असतं, पण रेबीजशी त्याचा काही संबंध नाही. "इंजेक्शन घेतलंय" म्हणून घरी बसलेली माणसं अनेकदा याच इंजेक्शनवर विसंबलेली असतात. जखम पिकू नये म्हणून दिलेल्या अँटिबायोटिकचंही तसंच. ते जिवाणूंसाठी असतं, रेबीजच्या विषाणूवर त्याचा काही परिणाम होत नाही.

मग तो मोठ्या सरकारी रुग्णालयात गेला. तिथे लशीचा पहिला डोस दंडावर, कातडीत मिळाला. ही इंट्राडर्मल पद्धत. दोन्ही दंडांवर प्रत्येकी ०.१ मिलिलिटर, बारीक इन्सुलिनच्या सिरिंजने. सुई नीट कातडीच्या थरात गेली की लगेच पांढरट, खडबडीत फुगवटा उठतो. तो उठला नाही, तर लस कातडीखाली गेली आणि ते इंजेक्शन शेजारी पुन्हा द्यावं लागतं. रुग्णाने स्वतः दंडाकडे बघावं, त्यात गैर काही नाही. खासगी दवाखान्यात बहुधा स्नायूत एक पूर्ण डोस देतात. मोठ्यांना तो दंडाच्या स्नायूत, दोन वर्षांखालच्या मुलांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात. कुल्ल्यात कधीच नाही, कारण तिथल्या चरबीत लशीचा परिणाम कमी पडतो.

लस पोटात चौदा वेळा टोचतात ही भीती अजूनही लोकांच्या मनात आहे. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या जुन्या लशीची आठवण. ती लस भारतात २००४च्या अखेरीस बंद झाली. आताच्या लशी पेशींवर वाढवलेल्या विषाणूपासून तयार करतात.

लस घेतली म्हणजे शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवायला लागतं, पण ती पुरेशी व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तोपर्यंत जखमेत उरलेल्या विषाणूला कोण अडवणार? त्यासाठी रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे ज्याला रुग्णालयात सगळे सिरम म्हणतात, ते थेट जखमेत भरतात. ही आयती प्रतिपिंडं असतात. घोड्यापासून मिळवलेल्या सिरमचा हिशेब दर किलोला ४० युनिट, मानवी सिरमचा दर किलोला २० युनिट. या रुग्णाचं वजन ६० किलो, म्हणून घोड्याचं सिरम ६० × ४० = २४०० युनिट लागणार होतं. बाटलीत दर मिलिलिटरला ३०० युनिट असतील तर हे ८ मिलिलिटर होतं. म्हणून वजन अंदाजाने सांगू नये, काट्यावर उभं राहावं.

हे ८ मिलिलिटर तिन्ही जखमांच्या आत आणि भोवती, भोकाच्या खोलीपर्यंत सुई नेऊन टोचलं गेलं. पोटरीत मांस भरपूर असल्याने एवढं मावलं. बोटाला चावा असता तर एवढं मावलं नसतं आणि कमी दाबाने, जेवढं सहज जाईल तेवढंच भरलं असतं. जखमा जास्त आणि सिरम अपुरं असेल तर सलाइन मिसळून पुरवतात, पण वजनाप्रमाणे ठरलेल्या मात्रेपेक्षा जास्त द्यायचं नाही, कारण जास्त सिरम लशीच्या कामात अडथळा आणतं. सिरम दुसऱ्या हातावर किंवा कमरेत टोचून जखमेपर्यंत पोहोचत नाही, म्हणून जखमेतच हवं. त्यानंतर त्याला अर्धा तास बसवून ठेवलं. घोड्याच्या सिरमची क्वचित कुणाला तीव्र ॲलर्जी होते, त्यासाठी ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवलेलं असतं.

त्या दिवशी सिरम नसतं तर? लशीच्या पहिल्या डोसानंतर सातव्या दिवसापर्यंत ते देता येतं. त्यानंतर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं येऊ लागलेली असतात आणि बाहेरून दिलेलं सिरम त्यांच्या वाढीला उलट रोखतं. म्हणून "सिरम उद्या मिळेल" असं सांगितलं तर उद्या जायचंच, आठवड्याने नाही. आता प्रयोगशाळेत बनवलेली मोनोक्लोनल प्रतिपिंडंही मिळतात. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटचं रॅबिशील्ड त्यातलं एक. त्याची मात्रा दर किलोला ३.३३ युनिट, म्हणजे ६० किलोसाठी सुमारे २०० युनिट. युनिटचे आकडे इतके वेगळे असल्यामुळे कुठलं औषध कोणतं हे कार्डावर नाव घालून लिहिणं फार महत्त्वाचं ठरतं.

वेळापत्रक आणि चुकलेला शुक्रवार

पहिला डोस शुक्रवारी मिळाला, म्हणून शुक्रवार हा शून्य दिवस. चाव्याचा दिवस नव्हे, पहिल्या डोसाचा दिवस. हिशेबात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. इंट्राडर्मल पद्धतीत डोस शून्य, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. म्हणजे शुक्रवार, सोमवार, पुढचा शुक्रवार आणि मग पहिल्या शुक्रवारपासून चार आठवड्यांनंतरचा शुक्रवार. स्नायूत घेणाऱ्यांना शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस.

दिवस असेच ठरवण्यामागे कारण आहे. पहिला डोस शरीराला विषाणूची ओळख करून देतो. तिसऱ्या आणि सातव्या दिवसाचे डोस त्या प्रतिसादाला लागोपाठ ढकलत राहतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यात प्रतिपिंडांची पातळी संरक्षण देण्याइतकी चढते. अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोस ती पातळी टिकवतो. रेबीजची लक्षणं बहुतेकांना दोन-तीन महिन्यांनी दिसतात, पण कधी आठवड्यात तर कधी वर्षभराने. पायापासून मेंदू लांब असल्याने वेळ जास्त मिळतो असं म्हणतात. काही प्रमाणात ते खरंही आहे, पण त्याच्या भरवशावर डोस पुढे ढकलणं धोक्याचं, कारण विषाणू किती अंतर चालून गेला हे कुठल्याच तपासणीत दिसत नाही.

या रुग्णाने सोमवारचा डोस वेळेवर घेतला. सातव्या दिवसाचा शुक्रवार गौरी-गणपतीत आला. कुटुंब गावी गेलं होतं, जखमेवर खपली धरली होती, आणि गल्लीतल्या चहावाल्याने फोनवर सांगितलं की ते कुत्रं काल दिसलं, चांगलं हिंडतंय. तीन कारणं एकत्र आली आणि डोस राहिला.

कुत्र्याबद्दलचा समज मुद्द्याचा आहे, म्हणून थोडं थांबू. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू लक्षणं दिसण्याच्या काही दिवस आधीपासून येतो आणि कुत्रं त्यानंतर थोड्याच दिवसांत मरतं. म्हणून चावल्यापासून दहा दिवस तेच कुत्रं धडधाकट राहिलं, तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं म्हणता येतं. पण सातव्या-आठव्या दिवशी दिसलं एवढ्यावर हा निष्कर्ष निघत नाही. शिवाय ते तेच कुत्रं होतं हे कशावरून? गल्लीत एकसारखी चार कुत्री असतात. आणि दहा दिवस वाट बघून मग लस सुरू करणं तर चालतच नाही. लस पहिल्या दिवशी सुरू करायची आणि कुत्र्यावर लक्षही ठेवायचं. ते दहा दिवसांनी ठीक असेल तर पुढचं काय करायचं हे डॉक्टर ठरवतात. स्नायूतल्या वेळापत्रकात अशा वेळी चौदाव्या दिवसाचा डोस गाळून अठ्ठाविसाव्या दिवसाचा देता येतो. पाळीव, लस दिलेलं कुत्रं चावलं तरीही सुरुवात तशीच करतात.

रविवारी बहिणीने कार्ड बघितलं. सोमवारी म्हणजे दहाव्या दिवशी त्याने गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयात राहिलेला डोस घेतला. असा डोस चुकला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं नसतं. राहिलेला डोस कळल्या क्षणी घ्यायचा आणि पुढचं अंतर तेवढंच ठेवायचं. सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसात २१ दिवसांचं अंतर असतं, म्हणून पुढचा डोस सोमवारपासून २१ दिवसांनी, पुन्हा सोमवारी, म्हणजे पहिल्या डोसापासून एकतिसाव्या दिवशी. दुसऱ्या रुग्णालयात दुसऱ्या कंपनीची लस मिळाली तरी डोस चुकवण्यापेक्षा ती घेणं बरं. फक्त दोन्ही ठिकाणी कातडीत की स्नायूत हे कार्डावर स्पष्ट असावं. ते स्पष्ट नव्हतं म्हणून ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिकेने आधी धायरीच्या फोनवरून पहिल्या पानाचा फोटो मागवला, मगच सुई उचलली. त्या पाच मिनिटांत काही बिघडलं नाही.

तो तीन दिवसांचा उशीर धोक्याचा ठरला असता का? सिरम पहिल्याच दिवशी जखमेत भरलं गेलं होतं, म्हणून मधली पोकळी बरीच झाकली गेली. सिरम मिळालं नसतं, तर लशीच्या प्रतिसादाला ढकलणारा तोच डोस मागे पडणं फार महागात पडू शकलं असतं.

या काळात खाण्यापिण्याचं काही पथ्य नाही. अंडं, मांस, आंबट, सगळं चालतं. दंडाला खाज, लालसरपणा, एक-दोन दिवस कसर वाटणं हे होतं आणि जातं. पण जखमेच्या जागी मुंग्या येणं किंवा आग होणं, पाणी गिळताना घशात आकडी येणं, वाऱ्याची भीती वाटणं, असं काही दिसलं तर लगेच रुग्णालय गाठायचं, ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही.

एकतिसाव्या दिवशी शेवटचा डोस झाला. रुग्णालयाने कार्डावर चारही तारखा, पद्धत, लशीचं नाव आणि सिरमची मात्रा लिहून दिली. हे कार्ड आधारकार्डाशेजारी ठेवावं, कारण पुढे कधी पुन्हा चावा बसला तर त्याच कार्डावर उपचार ठरतात. पूर्ण लस घेतल्याचा पुरावा असेल तर जखम तशीच पंधरा मिनिटं धुतात, शून्य आणि तिसऱ्या दिवशी असे दोनच डोस देतात आणि सिरम लागत नाही. पुरावा नसेल, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, सिरमसकट.